एओव्ही वाढली आणि नफा घटला: त्या फॉरवर्डचा हिशोब

"ऑनलाइन विकता? मग फक्त ॲव्हरेज ऑर्डर व्हॅल्यू, म्हणजे एओव्ही, बघा. फ्री शिपिंगची लिमिट ॲव्हरेजच्या 30 टक्के वर ठेवा, त्याच्या खाली शिपिंग वाढवा, बंडल लावा, सरसकट 15 टक्के डिस्काउंट द्या. एओव्ही वाढली की प्रॉफिट वाढलाच."

हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीने तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी वाचला आणि त्यातला लिमिटचा भाग जसाच्या तसा लावला. परवा तिचा फोन आला, दादा एओव्ही 15 टक्के वाढलीये पण बँकेत पैसे कमी दिसतायत, माझं काय चुकलं? तिचं काही चुकलेलं नाही, मेसेजच चुकीचा आहे, आणि त्याच दिवशी तो मला अजून दोन ग्रुपवर आला म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी 30 टक्क्यांचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं. खालचे आकडे तिच्या दुकानाचे आहेत, समजायला सोपे जावेत म्हणून 100 ऑर्डरच्या हिशोबात गोल केलेत. आधी 100 पैकी 60 ऑर्डर 300 च्या आसपास, 30 ऑर्डर 600 च्या आसपास आणि 10 मोठ्या, 2000 च्या. एकूण विक्री 56,000, म्हणजे एओव्ही 560. आता बघा, 560 ची ऑर्डर देणारं गिऱ्हाईक जवळपास कोणीच नाही! निम्म्याहून जास्त लोक 300 वर आहेत आणि दहा मोठ्या ऑर्डरी सरासरी वर ओढतायत. अशा सरासरीवर 30 टक्के चढवले की येतात 728, तिने ठेवले 750. जो माणूस 300 चं घ्यायला आलाय तो 60 ची शिपिंग वाचवायला अजून 450 चा माल घेईल का? नाही घेणार. उलट तिने मेसेजप्रमाणे लिमिटखालची शिपिंग 60 ची 90 केली होती, त्यामुळे तो कार्ट सोडून निघून जाणार.

आणि झालंही तसंच. आधी जितक्या व्हिजिटर्समागे 100 ऑर्डर यायच्या (तिच्याकडे साधारण 4000) तितक्यांमागे आता 79 आल्या. 300 वाले 60 चे 42 झाले. 600 वाल्या 30 पैकी 12 जण वाढून 780 वर गेले, 15 जण 600 वरच राहिले, 3 जण गेले. मोठे दहा होते तसेच. विक्री 50,960, भागिले 79, एओव्ही 645. म्हणजे एओव्ही वाढली ती मुख्यतः छोटी गिऱ्हाइकं निघून गेली म्हणून. वर्गातली बुटकी मुलं बाहेर काढली तर वर्गाची सरासरी उंची वाढते, पण उंच कोणी झालेलं नसतं, तसंच हे.

नफ्याचं बघा. तिचं मार्जिन विक्रीच्या 40 टक्के आहे आणि पार्सलचा खर्च 60, जो आधी गिऱ्हाईकच भरायचं. जे 12 जण 600 वरून 780 वर गेले त्यांच्याकडून प्रत्येकी 180 ची जास्त विक्री झाली, त्यावर मार्जिन 72, त्यातून आता शिपिंगचे 60 तिच्या खिशातून गेले, उरले 12. बारा जणांचे मिळून 144. मोठ्या दहा ऑर्डरी तशाही येणारच होत्या, त्यांना प्रत्येकी 60 फुकट दिले, गेले 600. जे 21 जण निघून गेले त्यांच्यावरचं मार्जिन 2,880. लिमिटखाली राहिलेल्या 57 जणांनी 30 जास्त भरले, ते 1,710 परत आले. सगळं जोडून-वजा करून आधीचे 22,400 होते ते 20,774 झाले. दर व्हिजिटरमागे काढलं तर 5.60 चे 5.19. मेसेज लिहिणाऱ्याने हा एक आकडा बघितला असता तर मेसेज लिहिलाच नसता.

हे एकट्या तिच्याच दुकानात झालं असं म्हणू नका. मायकल लुईस, विशाल सिंग आणि स्कॉट फे यांचा 2006 चा अभ्यास आहे, मार्केटिंग सायन्स या जर्नलमध्ये आलेला, एका ऑनलाइन रिटेलरच्या खऱ्या ऑर्डरींवर. त्यांचं म्हणणं असं की फ्री शिपिंग आणि लिमिटवाली फ्री शिपिंग, दोन्हींनी विक्री नक्की वाढते, लोक शिपिंग चार्जला फार संवेदनशील असतात. पण शिपिंगचे बुडालेले पैसे आणि गिऱ्हाइकांच्या काही गटांचा अजिबात न मिळणारा प्रतिसाद धरला की त्या रिटेलरला हे प्रमोशन तोट्यातच जात होतं. विक्री वाढली आणि नफा नाही, वीस वर्षं होत आली हे छापून, तरी "वाढलाच" म्हणून फॉरवर्ड फिरतोय.

आता एवढं मान्य करावं लागेल की लिमिट ही गोष्टच वाईट नाही. शिपिंगचा खर्च भागिले मार्जिन करा, इथे 60 भागिले 0.40 म्हणजे 150. गिऱ्हाइकाने किमान 150 चा माल वाढवला तर तुमची शिपिंग निघते. 700 वाला 50 चं काहीतरी टाकून 750 ला पोचला तर तुम्हाला 20 मिळाले आणि 60 गेले. म्हणून लिमिट सरासरीवरून काढायचीच नाही, सगळ्या ऑर्डरींचे 50-50 चे गट पाडून गर्दी कुठे आहे ते बघायचं आणि त्या गर्दीच्या वर निदान 150 सोडून ठेवायची. लिमिट खरंच काम करतेय की नाही हे पण त्याच तक्त्यात दिसतं. काम करत असेल तर लिमिटच्या लगेच वर नवीन गर्दी उठते आणि लगेच खाली खड्डा पडतो. नुसता खालचा गट बारीक झाला आणि वर काही उठलं नाही, तर समजा लोक पळालेत. आणि हो, आकडा रिटर्न वजा करून बघा, कारण काही जण लिमिट गाठायला काहीतरी टाकतात आणि तेच परत पाठवतात.

डिस्काउंटचं फार लिहीत नाही. 40 टक्के मार्जिनवर 15 टक्के सूट दिली की 100 च्या वस्तूवर 40 मिळायचे तिथे 25 मिळतात, म्हणजे आधीइतकाच नफा हवा तर 60 टक्के जास्त नग विकायला हवेत. आणि सरसकट सूट दिली की एओव्ही तर आधी खालीच येते, ती होती तिथे ठेवायलाच बास्केटमध्ये साधारण 18 टक्के जास्त माल लागतो. हे त्याच मेसेजमध्ये एओव्ही वाढवायचा उपाय म्हणून कसं काय लिहिलंय ते मला खरंच कळलेलं नाही.

बंडलचं अर्धं खरं आहे. दोन वस्तू आधी कोणी एकत्र घेत नव्हतं आणि बंडलमुळे घ्यायला लागले तर उत्तम. पण जे आधीपासून दोन्ही पूर्ण किमतीला घेत होते त्यांनाही तुम्ही आता सूट देताय. म्हणून बंडल लावायच्या आधीच्या ऑर्डरी काढा, त्यात दोन्ही वस्तू एकत्र किती वेळा गेल्यात ते मोजा. आधीच खूप वेळा जात असतील तर त्या जोडीचं बंडल नको, दुसरी जोडी शोधा.

बहिणीला मी आत्ता एवढंच करायला लावलंय: लिमिटखालची शिपिंग परत 60, लिमिट 750 वरच, कारण 600 ची गर्दी बरोबर 150 खाली आहे. तीन महिन्यांनी परत तोच 50-50 चा तक्ता आणि दर व्हिजिटरमागचा नफा बघणार आहोत, आणि तो 5.60 च्या वर गेला नाही तर लिमिट काढून टाकायची, असं तिचं आणि माझं ठरलंय.