तीन लवंगा टाकल्या, दोनच निघाल्या

मसालेभाताचा घास तोंडात जातो. तोंडलं लागतं, काजू लागतो, ओल्या खोबऱ्याचा गोडवा पसरू लागतो आणि नेमकी त्याच वेळी अख्खी लवंग दाढेखाली येते. पुढची पाच मिनिटं त्या माणसाला भात कसा झालाय हे विचारू नये, कारण जिभेची एक बाजू बधिर झालेली असते. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दातदुखीवर वापरतात ते याच गुणासाठी. दात ठणकत नसताना पंगतीत बसल्या बसल्या हे उपचार कोणी मागितलेले नसतात.

खडा मसाला खायचा की बाजूला काढायचा, यावर माझं मत सरळ आहे: काढायचा, आणि बिनदिक्कत काढायचा. त्याचं काम फोडणीतच होऊन जातं. वास देणारी तेलं पाण्यापेक्षा तुपात चांगली उतरतात, तूप तांदळाच्या दाण्यांना लागतं आणि मागे उरतो तो बहुतेक चोथाच. दालचिनी तर चक्क झाडाची साल. ती कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी मऊ होत नाही. वेलचीतले काळे दाणे हवे तर चघळा, पण फोलपट चावत बसाल तर ताट उचलायची वेळ येईल. एक चावलेली लवंग गिळली गेली म्हणून काही बिघडत नाही. तमालपत्र मात्र गिळायच्या फंदात पडू नका. शिजूनही त्याच्या कडा ताठ राहतात आणि घशाला लागतात.

काढायचं ठरलं, पण सापडायला तर हवं! पांढऱ्या पुलावात लवंग लांबून दिसते. मसालेभातात गोड्या मसाल्याने सगळंच तपकिरी, त्यात वांग्याची साल, त्यात तळलेल्या काजूची करपलेली कड. अशा गर्दीत लवंग दादरच्या पुलावर हरवलेल्या माणसासारखी असते. हाताने जेवणाऱ्याला बोटं आधीच सांगतात, ‘थांब, काहीतरी टणक आहे.’ चमच्याला असलं काही कळत नाही. त्यामुळे ऑफिसात चमच्याने डबा खाणाऱ्यांच्या दाढेखाली लवंग जास्त येते, हा माझा ठाम समज आहे. शिवाय डब्याला ताटासारखी कड नसते. काढलेला मसाला झाकणात ठेवावा. डब्याच्या कोपऱ्यात सरकवलेली लवंग तिसऱ्या घासाला परत येते.

उपाय स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात आहे, आणि तो मोजण्यापासून सुरू होतो. चार माणसांसाठी दोन वाट्या तांदूळ घेतले तर तीन लवंगा, दोन हिरव्या वेलच्या, बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनी आणि एक तमालपत्र पुरतं. गोडा मसाला पडणारच आहे. मूठ भरून खडा मसाला टाकणाऱ्याने भात नाही, काढा केलाय.

दालचिनीचा तुकडा अख्खाच टाका. मोडला की चिपा सुटतात आणि त्या दातांच्या फटीत जाऊन बसतात. वेलचीला टोकाशी फक्त चीर द्या. चीर नसेल तर ती गरम तुपात फुगून फुटते आणि तूप अंगावर उडतं. खलबत्त्यात ठेचली तर दाणे भातभर पसरतात, मग काढणार काय? लवंगेचं डोकं आधीच बघा. टोकावरचा गोल मणी सैल असेल तर तो फोडणीत गळतो आणि एका लवंगेच्या दोन वस्तू होतात. मंद आचेवर लवंग जराशी फुगली की लगेच तांदूळ परतायला घ्यावेत. ती काळी पडू दिली तर सगळ्या भातात कडवटपणा उतरतो.

काहीजण मसाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडतात. काढायला ते सोपं, पण तुपाशी गाठच पडत नाही, त्यामुळे वास फिका येतो. पूड केली तर दाताखाली काही येणार नाही, पण पांढरा पुलाव मळकट दिसतो आणि हात जरा जड पडला की चव उग्र होते.

सगळ्यात सोपी वेळ झाकण उघडल्याची. उकळताना हलके मसाले वर येतात आणि पाणी आटलं की बरेचसे भातावरच पडून राहतात. मात्र तेवढ्यात कोणीतरी उत्साहाने डाव खुपसतो आणि वर आलेलं सगळं पुन्हा तळाशी जातं. आधी चमच्याने वरचं टिपून वाटीत काढावं, मोजावं आणि मगच भात हलवावा. तमालपत्र एक, दालचिनी एक, वेलच्या दोन, लवंगा... दोन. तिसरीसाठी भात उपसत बसू नये, शितं मोडतात. कढत तूप वाढावं, लिंबाची फोड ठेवावी आणि गप्प बसावं. ती कोणाच्या पानात गेली ते दोन मिनिटांत चेहऱ्यावरून कळतंच.