रद्दबातल पाटील

काल रात्री इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून माझ्या नव्या पत्रमित्राचं उत्तर आलं. आत दोनच प्रश्न. तुझं नाव खरंच ‘बातिल’ आहे का? आणि तुझं कुटुंब विचित्र का आहे?

अरबीच्या प्राथमिक वर्गाचा गृहपाठ होता. नाव, घरची माणसं आणि छंद सांगणारी छोटी ई-मेल लिहायची, आणि ती खऱ्याखुऱ्या माणसाला पाठवायची. मी ती सोसायटीच्या बाकावर बसून लिहायला घेतली, इथेच चुकलो. त्या बाकावर अण्णा असतात. अण्णा निवृत्त शिरस्तेदार. कोर्टातून ते बाहेर पडले, कोर्ट त्यांच्यातून पडलेलं नाही.

“अरबी? अहो, आम्ही जन्मभर दुसरं काय लिहिलं?” अण्णा वहीत डोकावले. “वकील अरबी, हक्क अरबी, मजकूर अरबी. सांगा, कुठे अडलंय?”

“नावाला काय म्हणतात ते आठवत नाहीये.”

“इसम!” अण्णा गरजले. “अनोळखी इसम, सदर इसम. लिहा.”

आणि ते बरोबर निघालं हो! अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव, ‘इस्मी’ म्हणजे माझं नाव. सुरुवात कशी करू म्हटलं तर म्हणाले, “साहेब घाला, साहेबाशिवाय अर्ज नाही.” तेही बरोबर. ‘साहिब’ म्हणजे चक्क मित्र. आमच्याकडे मित्र झाला की साहेब विसरतो आणि साहेब झाला की मित्र, ते सोडा. दोनदा बरोबर आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा थांबवणं अवघड असतं.

मग आडनाव. अरबीत प नाही, म्हणून ब. ट नाही, म्हणून मी जाड त घेतला. दीर्घ स्वराला अक्षर लागतं, ऱ्हस्व लिहितच नाहीत. “पाटीलमधली टी दीर्घच ना?” मी विचारलं.

“बोलताना कोण दीर्घ बोलतं? उडवा.” निकाल लागला. उडवली. राहिली चार अक्षरं: ब, आ, त, ल. वाचणारा त्यात सवयीचा शब्द पाहतो, आणि तो सवयीचा शब्द म्हणजे ‘बातिल’, अर्थात निरर्थक, अवैध. आपल्या ‘रद्दबातल’मधला बातल तोच. जन्मभर ज्यांनी लोकांचे अर्ज रद्दबातल झालेले पाहिले, त्यांना तो ओळखू येऊ नये!

घरच्या माणसांपाशी मात्र मराठी कामाला आली. इंग्रजीत सगळ्यांचा एकच अंकल करतात. अरबीत काका ‘अम्म’, मामा ‘खाल’, आत्या ‘अम्मा’, मावशी ‘खाला’, सगळे वेगळे. मामेभाऊ म्हणजे ‘इब्न खाल’, मामाचा मुलगा. फक्त ‘माझा मामा’ म्हणजे ‘खाली’, आणि आमचा मामा चौथ्या मजल्यावर राहतो. मला दोन बहिणी. मी ‘दोन’ हा आकडा शोधत बसलो होतो, तर तो लागतच नाही. ‘उख्त’ म्हणजे बहीण, ‘उख्तान’ म्हणजे दोन बहिणी. संस्कृतातलं द्विवचन मराठीने टाकून दिलं ते इथे जिवंत भेटलं, आणि शाळेत जितकं नकोसं होतं तितकंच इथेही झालं.

एवढं जमल्यावर अण्णा म्हणाले, “थोडं विनयाने लिहा. आमचं गरीब कुटुंब आहे म्हणा.” गरीब अरबीच! मी ‘उस्रती गरीबा’ असं ठोकून दिलं. आता कळतंय, अरबीत गरीब म्हणजे परका, विचित्र. परक्या मुलखात आलेला माणूस बापुडवाणा असतो, म्हणून फारसीतून आपल्यापर्यंत येता येता अर्थ घसरला असावा. खिशात पैसे नसलेल्याला तिकडे ‘फकीर’ म्हणतात. म्हणजे बरोबर लिहिलं असतं तरी बहिणींनी मला घरात घेतलं नसतं.

छंद ‘हिवाया’. माझा छंद वाचन, ‘हिवायती अल-किराआ’. ही एकच ओळ मी अण्णांना न विचारता लिहिली आणि तेवढ्या ओळीबद्दल त्या मित्राने चकार शब्द काढलेला नाही.

सकाळी बाकावर जाऊन अण्णांना उत्तर दाखवलं. वाटलं, निदान ओशाळतील. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाले, “त्यांची अरबी बिघडलीय.”

“अण्णा, भाषा त्यांची आहे.”

“असेल. पण आमच्या कोर्टात गरीब म्हणजे गरीबच. तक्रार करा.”

घरी येऊन कोशात पाहिलं. अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुन्हा पुन्हा तेच करणं. ई-मेल पुन्हा लिहायला बसलोय, गॅलरीचं दार लावून. दीर्घ ईसकट.