५० मिनिटांच्या दहा किलोमीटरवरून ३:५० ची मॅरेथॉन निघते का?

“अलीकडच्या दहा किलोमीटरच्या वेळेला ४.६ ने गुणा, मॅरेथॉनची वेळ मिळते. सूत्र सगळ्यांना सारखंच लागू पडतं. प्रत्यक्षात जास्त वेळ लागला, तर मन कमी पडलं.”

या दाव्यातला ४.६ हा आकडा पीट रीगल या अमेरिकन अभियंत्याच्या सूत्रातून येतो; त्यात T म्हणजे वेळ आणि D म्हणजे अंतर:

```
T2 = T1 × (D2 / D1)^1.06
```

४२.१९५ भागिले १० म्हणजे ४.२१९५; त्याचा १.०६ वा घात ४.६०. इथवर गणित बरोबर आहे. अंतर दुप्पट झालं की वेग सुमारे ४ टक्क्यांनी मंदावतो, एवढंच हा घातांक सांगतो.

पण तो सगळ्यांचा नाही. रीगलने तो विक्रमी वेळांवरून काढला आणि सूत्राची मर्यादाही दिली: साधारण साडेतीन ते २३० मिनिटांच्या धावा. गंमत म्हणजे ५० मिनिटांना ४.६ ने गुणलं की बरोबर २३० येतात. म्हणजे दहा किलोमीटरला ५० मिनिटांहून जास्त घेणाऱ्याचं भाकीत सूत्राच्या हद्दीबाहेरच पडतं. व्हिकर्स आणि व्हर्टोसिक या संशोधकांनी २०१६ मध्ये हौशी धावपटूंच्या वेळा तपासल्या, तेव्हा अर्धमॅरेथॉनपर्यंत सूत्र ठीक चाललं. मॅरेथॉनला मात्र निम्म्या धावपटूंना भाकितापेक्षा किमान दहा मिनिटं जास्त लागली.

मन कमी पडल्याचा आरोप तर बहुतेकदा चुकीच्या जागी जातो. ३:५० साठी किलोमीटरला ५:२७ चा वेग लागतो. तो ३० किलोमीटर टिकला आणि पुढे ६:३० वर घसरला, तर वेळ ४:०३ च्या आसपास जाते. स्नायूंत साठलेलं इंधन, म्हणजे ग्लायकोजेन, संपत आलं, लांब पल्ल्याचा सराव कमी असला, की असंच होतं. दहा किलोमीटरच्या शर्यतीत या दोन्हींची परीक्षाच होत नाही, त्यामुळे तिच्या वेळेत ते दिसणार कुठून? पहिल्या दहा किलोमीटरपासूनच वेग जड वाटत असेल, तर मात्र ऊन, चढ किंवा मुळातली वेळच तपासावी. दहा किलोमीटरमधली दहा सेकंदांची चूक मॅरेथॉनमध्ये ४६ सेकंदांची होते.

यापेक्षा स्वतःचा घातांक काढलेला बरा. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतरातली, सारख्या हवेत जीव तोडून धावलेली अर्धमॅरेथॉन हवी. समजा दहा किलोमीटर ५०:०० आणि अर्धमॅरेथॉन १:५३:०० (रीगलच्या हिशेबाने ती १:५०:१९ व्हायला हवी होती):

```
k = ln(113/50) / ln(21.0975/10) = 1.092
113 × 2^1.092 ≈ 241
```

म्हणजे ४:०१, मूळ भाकितापेक्षा ११ मिनिटं जास्त. हाही आकडा नाजूकच. अर्धमॅरेथॉनला एक मिनिट जास्त लागलं असतं, तर उत्तर ४:०५ आलं असतं. त्यात २१ किलोमीटरच्या पुढे काय होतं, हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून सुरुवातीचा वेग ५:२७ न धरता ५:४२ च्या आसपास धरावा आणि ३० किलोमीटरनंतर पाय शाबूत असतील तरच वाढवावा.