सायलेंटवर अलार्म वाजतो, मग रिमाइंडरही वाजेलच?

“फोन सायलेंटवर असला तरी अलार्म वाजतो, म्हणजे रिमाइंडरही वाजणारच.”

नाही, वाजणार नाही. अँड्रॉइडमध्ये अलार्मचा आवाज वेगळा असतो. सायलेंट केल्यावर रिंग आणि नोटिफिकेशनचा आवाज बंद होतो, अलार्मचा नाही. रिमाइंडर हे साधं नोटिफिकेशन, मेसेज आल्यासारखंच. रात्री दहाची गोळी रिमाइंडरवर सोडली, तर स्क्रीनवर एक ओळ गुपचूप येऊन थांबते आणि सकाळी दिसते. अलार्म मात्र बंद करेपर्यंत बराच वेळ वाजत राहतो. म्हणून वेळ चुकून चालणार नसेल तिथे अलार्मच लावा. बिल भरण्यासारख्या दिवसभरात कधीही उरकायच्या कामाला रिमाइंडर पुरतो. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये मात्र अलार्मला परवानगी आहे ना, हे आधी बघा. फोन सायलेंट करून दोन मिनिटांनंतरचा अलार्म लावला की लगेच कळतं.