अंतर पडलं म्हणून पहिला डोस फुकट जात नाही

"बाळाची लस ठरल्या तारखेला चुकली तर आधीचे डोस बाद होतात, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तारीख काढताना जन्मतारखेत दीड, अडीच, साडेतीन महिने मिळवा. सर्दी असेल तर लस देऊ नका. प्रत्येक आईपर्यंत पोचवा."

हा मेसेज पोचवला कुणीतरी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत. "सगळं पुन्हा टोचणार म्हणे, लेकराला किती भोकं पाडायची?" म्हणत ती अंगणवाडीकडे फिरकेनाच.

तिचं बाळ १२ मार्च २०२५ चं, बुधवारचं. डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या पेंटा लसीचा पहिला डोस सहा आठवड्यांनी, म्हणजे ४२ दिवसांनी, २३ एप्रिलला येतो. तिच्याकडे लसी गुरुवारी देतात, म्हणून तो २४ ला झाला. एक दिवस उशीर चालतो. दुसरा चार आठवड्यांनी, २२ मेला हवा होता, पण तेव्हा ती चंदगडला लग्नघरी होती. तिथून परतेपर्यंत जुलै उजाडला.

आता पहिला डोस वाया गेला का? मुळीच नाही. केंद्र सरकारचं वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीचं लसीकरणाचं हँडबुक सरळ सांगतं, की मूल उशिरा आलं तरी वेळापत्रक पहिल्यापासून सुरू करू नका, जिथं थांबलं तिथून पुढं चला. पहिल्या डोसची ओळख शरीर विसरत नाही. उशिराचा तोटा वेगळाच आहे : मधल्या काळात बाळाचं संरक्षण अपुरं राहतं. आणि डांग्या खोकला नेमका याच वयात जिवावर बेततो. म्हणजे "पुन्हा पहिल्यापासून"च्या धास्तीनं घरी बसणं, हाच खरा धोका.

मेसेजात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. काही डोसांची मुदत खरंच संपते. जन्मावेळची कावीळ-बीची लस २४ तासांत आणि पोलिओचा शून्य डोस १५ दिवसांतच देतात. पण तो डोस हुकला तरी बाकीच्या लसी होतातच.

महिन्यांचा हिशेब तर भलताच. दीड महिना धरला तर २७ एप्रिल येतो, साडेतीन धरले तर २७ जून. तिसऱ्या डोसचे चौदा आठवडे मात्र १८ जूनलाच भरतात. नऊ दिवसांचा फरक! आई-बाळाच्या नोंदीच्या तायी कार्डावरचं कन्नड "वार" म्हणजे आठवडा, आपला सोमवार-मंगळवार नव्हे. सोपी खूण म्हणजे बाळ बुधवारचं असेल तर त्याचे आठवडे बुधवारीच भरतात.

सर्दीचं काय सांगू? ३ जुलैला बाळाचं नाक गळत होतं, तरी नर्सबाईंनी दुसरा पेंटा दिला. तिसरा ३१ जुलैला झाला. गोवर-रुबेलाची तारीख मात्र महिन्यांवरच : पूर्ण नऊ महिने, म्हणजे १२ डिसेंबर, त्याआधी नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर ती लस नीट लागू देत नाहीत.