दोन टन हवा आणि साडेचारशे ग्रॅम काच

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये काय काय करू नये, याची एक यादी नोटीस बोर्डावर लावलेली आहे. होडी बांधू नये असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. सेक्रेटरींनी ती यादी माझ्यासमोर दोनदा वाचली आणि ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून चष्मा काढला. मी त्याच संध्याकाळी कामाला लागलो.

होडी छोटी, एका माणसाची. गाडीच्या टपावर टाकून खडकवासल्याला नेता यावी एवढी हलकी करायची होती. सुरुवात तळात पाय ठेवायच्या फळीपासून केली. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, फायबरग्लासची. चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारं विणलेलं काचेचं कापड आणलं, त्याचे सहा थर कापले. घरचा वजनकाटा (‘अहो, तो रव्याचा आहे!’) खाली आणून तोलले, ४५० ग्रॅम भरले. ज्यांच्याकडून माल घेतला त्या फायबरवाल्या दादांनी हाताच्या कामाचा हिशेब सांगितला होता, ‘साहेब, जेवढं कापड तेवढंच रेझिन. वर एक थेंब नको.’

पण माझे संस्कार पुरणपोळीचे. तूप जास्त झालं म्हणून पोळी बिघडल्याचं आमच्या घराण्यात कोणी ऐकलेलं नाही. मी इपॉक्सी रेझिनमध्ये ते कडक करणारा हार्डनर घातला, अंडं फेटावं तसा जोरजोरात फेटला, मेण लावलेल्या काचेवर कापड अंथरलं आणि वरून सढळ हाताने ओतत गेलो. प्रत्येक थरावर थोडं रेझिन ‘असू दे’ म्हणून. मे महिना होता. मगात उरलेलं रेझिन सहाव्या थरापर्यंत इतकं तापलं की मग वाकडा झाला आणि धूर निघाला. (ही मिश्रणाची खोडच आहे. पसरून ठेवलं तर शांत असतं, भांड्यात गोळा राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने पेटून उठतं. आमच्या सोसायटीच्या सभेसारखं.)

दुसऱ्या दिवशी फळी सुटली. सुंदर, गुळगुळीत, आणि ११०० ग्रॅम. त्यातून काचेचे ४५० वजा करा, उरलं ६५०. म्हणजे फळीतला जवळजवळ साठ टक्के भाग नुसतं रेझिन. ओढ-ताण सोसते ती काच, रेझिनचं काम तिला धरून ठेवायचं. मी फायबरग्लास नव्हे, काचेचे धागे घातलेला प्लास्टिकचा पाट केला होता.

दादांनी फळी उचलून उन्हाकडे धरली. काचेचं कापड रेझिनने नीट भिजलं की पारदर्शक होतं, हवा राहिली तिथे पांढरट दिसतं. माझ्या फळीत साबुदाणा पेरल्यासारखा दिसत होता. ‘वरून ओतलंत ना?’ दादांनी विचारलं. तिथेच चूक होती. आधी खाली रेझिन लावायचं, त्यावर कोरडं कापड ठेवायचं आणि रोलरने दाबत रेझिन खालून वर येऊ द्यायचं, म्हणजे हवेला पळायला वरची वाट मोकळी राहते. मी वरून झाकण घातलं होतं. शिवाय फेटताना अर्धी हवा मीच भरली होती.

किती हवा राहिली, हे मोजायचा उपाय मात्र मला फार आवडला. फळीचा एक तुकडा कापून तोलला, ४२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, काटा शून्यावर आणला आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात बुडेल, पण तळाला टेकणार नाही असा धरला. काट्याने ३० ग्रॅम दाखवले. म्हणजे तुकड्याने ३० घनसेंटीमीटर पाणी बाजूला सारलं, म्हणून घनता १.४०. काच २.५५ आणि रेझिन १.१५ घनतेचं धरून माझ्या प्रमाणाने हिशेब केला तर निव्वळ मालाची घनता १.४८ यायला हवी. फरक पाच-सहा टक्क्यांचा, तेवढी पोकळी. घरच्या काट्यावर एवढं अचूक कळतं म्हणून मी हिला हाक मारली. ती फक्त पेल्याकडे बघत होती. चांदीचा होता.

मग व्हॅक्यूम बॅगिंगचा ध्यास घेतला. थर तसेच हाताने लावायचे, पण ओले असतानाच वर सोलून काढायचं कापड, त्यावर बारीक भोकांची फिल्म, त्यावर जादा रेझिन शोषणारं जाड कापड, आणि या सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी. पिशवीच्या कडा चिकट पट्टीने काचेला बंद करून आतली हवा ओढून घ्यायची. वरची हवा मग आपणच दाबते, तेही फुकट. ऐंशी टक्के निर्वात मिळाला तरी माझ्या पाव चौरस मीटरवर दोन टनांचं ओझं येतं. दोन टन! माझी गाडीसुद्धा एवढी भरत नाही.

पिशवी मात्र ताणून लावायची नाही, हे मोदक करणाऱ्याला लगेच समजेल. कडेला ठिकठिकाणी कळ्या पाडून जादा प्लास्टिक सोडायचं, नाहीतर कोपऱ्यात पिशवी ताठ राहते, तिथे दाब पोचत नाही आणि नेमकी तिथेच हवा बसते. माझ्या कळ्या आईने पाहिल्या असत्या तर मला सारणाकडे पाठवलं असतं.

पंप म्हणून जुन्या फ्रिजचा काँप्रेसर लावला. तो निर्वात छान करतो, पण हवा थेंबाथेंबाने ओढतो. पिशवीला टाचणीएवढं भोक असलं तरी हरतो. बरं, गळती नुसती दाब कमी करत नाही. बाहेरची हवा कापडातून वाट काढत पंपाकडे धावते आणि जाताना बुडबुडे सोडते. म्हणून रेझिन कालवण्याआधी कोरड्या कापडावर तालीम केली. निर्वात केला, नळी चिमट्याने बंद केली आणि निर्वात दाखवणाऱ्या मापकाचा काटा बघत बसलो. पाच मिनिटांत तो हलला नाही तर पिशवी पक्की. माझा काटा खाली यायला अर्धा मिनिटही लागला नाही. रात्री अकराला मी पिशवीला कान लावून सूं सूं शोधत जमिनीवर आडवा होतो, तेव्हा सेक्रेटरी कचरा टाकायला आले. आम्ही काही बोललो नाही.

सहा गळत्या बुजवल्यावर पुढची फळी झाली. हार्डनर हळू जमणारा घेतला, कारण सहा थर आणि पिशवी दोन्ही रेझिन आळायच्या आत उरकायचं असतं. उन्हाने रेझिन पाण्यासारखं पातळ झालं होतं, म्हणून आधी अर्ध्याच निर्वातावर ठेवलं, नाहीतर हवं तेही शोषलं जाऊन कापड कोरडं पडलं असतं. सकाळी पिशवी फाडली. ७०० ग्रॅम! रेझिन २५०, म्हणजे जेमतेम छत्तीस टक्के. उन्हात धरली तर साबुदाणा कुठेच नाही. जाडी तीन मिलिमीटरवरून दीडच्या आसपास उतरलेली.

दोन विटांवर ठेवून मी अभिमानाने तिच्यावर पाय दिला. ती हातरुमालासारखी लवली.

काच तेवढीच, रेझिन कमी, तर फळी वाकायला नको ना? पण वाकण्याचा हिशेब जाडीच्या घनावर चालतो. जाडी अर्धी झाली की ताठपणा आठव्या भागावर येतो. काच दाट झाल्याने त्यातला थोडाफार परत मिळाला, तरी मोजदाद केली तर माझी ती लठ्ठ, साबुदाणेदार फळी साडेतीनपट ताठ निघाली. दादा हसले. ‘साहेब, पिशवीने वजन वाचतं, जाडी नाही. वाचलेलं वजन मध्ये फोममध्ये घाला.’

तिसऱ्या वेळी तीन थर खाली, तीन वर, मध्ये दहा मिलिमीटरचा कडक फोम, आणि पुन्हा पिशवी. फोमला कापड सगळीकडे सारखं चिकटवायला ते दोन टन खरे कामाला आले, हाताने तेवढं दाबणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. फळी भरली साडेनऊशे ग्रॅम आणि मी तिच्यावर उड्या मारल्या.

पहिली फळी मी पार्किंगच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. परवा ती दिसेना. शोधली तर सेक्रेटरींच्या स्कूटरच्या स्टँडखाली सापडली, फरशी फुटू नये म्हणून. ‘चांगली आहे हो,’ ते म्हणाले, ‘अजिबात वाकत नाही. दुसरी आहे का अशी?’