१० मिनिटांचा नियम आणि ऐरोलीचा लॉकर

"ज्याला रस असतो तो १० मिनिटांत रिप्लाय देतो. एका शब्दाचं उत्तर म्हणजे टाळाटाळ. आणि उलट प्रश्न येत नसेल तर समोरच्याच्या मनात तुम्ही नाहीच. मावशी, ही पोस्ट सगळीकडे फिरतेय. मी लग्नासाठी जिच्याशी बोलतोय, तिची उत्तरं यातल्या एकाही कसोटीला उतरत नाहीत. थांबवू का मी?"

थांबवू नकोस, निदान या पोस्टवरून तरी नको. एवढं मी भाच्याला फोनवर सांगितलं आणि शनिवारी त्याला घणसोलीहून नौपाड्यात जेवायला बोलावलं. बारा वर्षं मी एका वधू-वर मंडळाचं काम करते. हल्ली आमच्या टेबलावर पत्रिका कमी आणि स्क्रीनशॉट जास्त येतात, आणि अशा पोस्ट वाचून चांगली ओळख अर्ध्यावर सोडणारी मुलंमुली मी पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेळेपासून सुरुवात करू. झटपट उत्तर म्हणजे जवळीक, ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. समोरासमोर बोलताना ती बऱ्याच अंशी खरी आहे. २००९ साली दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास झाला. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं दिसलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांना आढळलं की ही फट जितकी लहान, तितकी माणसांना एकमेकांशी जास्त जवळीक वाटते. पण ते बोलणं होतं. दोघांचं लक्ष एकमेकांकडे होतं, मध्ये दुसरं काही नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तसं नसतं. तिथली फट मनाची आहे की कामाची, हे नुसत्या मिनिटांवरून कळत नाही.

जेवण झाल्यावर आम्ही कागद घेतला आणि आठवडाभरातले त्याचे अकरा मेसेज उतरवले. तिची उत्तरं किती मिनिटांनी आली? लहानाकडून मोठ्याकडे लावली तर २, ३, ४, ६, ९, ४०, ९८, १३४, १५१, १५७ आणि ६२०. सरासरी निघाली १११ मिनिटं. भाच्याचा चेहरा पडला. पण ही सरासरी त्या एका ६२० मुळे फुगली होती, आणि तो मेसेज त्याने रात्री ११:४० ला टाकला होता. उत्तर सकाळी दहाला आलं. मधल्या वेळात मुलगी झोपली होती, बाकी काही नाही.

मग मी त्याला मिनिटं बाजूला ठेवून घड्याळातली वेळ लिहायला सांगितली. म्हणजे उत्तर किती उशिरा आलं हे नाही, किती वाजता आलं ते. खरी गोष्ट तिथे दिसली. १५७ मिनिटांचं उत्तर ४:०२ ला आलं होतं. १३४ चं ४:०४ ला, १५१ चं ७:०१ ला आणि ९८ चं ७:०३ ला. मुलगी ऐरोलीत एका बँकेच्या कस्टमर केअरमध्ये आहे, शिफ्ट दुपारी १ ते रात्री १०. कामाच्या मजल्यावर फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. चारला चहाची सुट्टी, सातला जेवणाची. म्हणजे लॉकर उघडल्यावर दोन-चार मिनिटांत ती याला उत्तर देत होती! बाकीची सहा उत्तरं सकाळची किंवा तिच्या सुट्टीच्या दिवसाची, म्हणजे फोन हातात असतानाची. त्यांची सरासरी अकरा मिनिटांच्या आसपास येते.

त्यामुळे एकच नियम सगळ्यांना लावू नका. त्या माणसाचे मोकळे तास आणि कामाचे तास वेगळे करा आणि त्याची तुलना त्याच्याशीच करा. कोणती शांतता दखल घेण्याइतकी मोठी, यासाठी एक मोजमाप आहे. २००६ मधल्या एका अभ्यासात ईमेल आणि ऑनलाइन चर्चांमधली उत्तरं तपासली होती. किमान ७० टक्के उत्तरं सरासरी वेळेच्या आतच आली होती, आणि सरासरीच्या दहापट वेळ उलटून गेल्यावर आलेली फार तर ४ टक्के. ते आकडे ईमेलचे, व्हॉट्सअ‍ॅपला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. अंदाज बांधायला मात्र चालतात. या मुलीच्या मोकळ्या वेळातली अकरा मिनिटं धरली, तर दहापट म्हणजे जवळजवळ दोन तास. सुट्टीच्या दिवशी दोन तास गप्प राहिली तर 'आज काहीतरी वेगळं आहे' एवढंच म्हणता येईल. काय वेगळं आहे, ते घड्याळ सांगत नाही.

निळ्या टिकांवर तर काहीच ठरवू नका. रीड रिसीट बंद असेल तर वाचूनही टिका निळ्या होत नाहीत. नोटिफिकेशनमध्ये वरच्या वर वाचलं तरी होत नाहीत. 'ऑनलाइन' दिसतं तेव्हा माणूस सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कधी येणार ते बघत असू शकतो.

आता उत्तराच्या लांबीबद्दल. भाच्याची तक्रार होती की ती 'हो', 'झालं', 'हम्म' यापलीकडे जात नाही. मी त्याचे प्रश्न वाचायला घेतले. "जेवलीस का?" "हो." "पोचलीस का?" "हो." "काम झालं?" "झालं." अरे, या प्रश्नांना दुसरं उत्तर तरी काय द्यायचं? मग चॅटमध्ये वर गेलो. एका मंगळवारी त्याने विचारलं होतं, ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो खरंच जवळून दिसतात का. त्यावर तिच्या उत्तराचे सहा तुकडे आले होते. बोटीतून गेलो होतो, भरतीची वेळ पाहून जावं लागतं, धाकट्या भावाला बोट लागली, आणि शेवटी एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज. त्याच मुलीचं, त्याच आठवड्यातलं हे उत्तर.

लांबी मोजायचीच तर प्रश्नाच्या मापाने मोजा. लागोपाठचे तुकडे एकच उत्तर धरा आणि आवाजी मेसेजही त्यात धरा. देवनागरी टाइप करायची सवय नसलेली माणसं बोलायला भरपूर असूनही थोडक्यात लिहितात. मोकळ्या प्रश्नाला, मोकळ्या वेळेत, पुन्हा पुन्हा एकच शब्द आला तर मात्र तो आखडता हात आहे, हे मी मान्य करते.

उलट प्रश्नांचा मुद्दा तिन्हींत सगळ्यात वजनदार, आणि पोस्टने सगळ्यात जास्त घोळ घातलाय तोही इथेच. सगळे प्रश्न सारखे नसतात. "मी पोहे खाल्ले, आणि तू?" हा परतफेडीचा प्रश्न, शिष्टाचार म्हणूनही विचारतात. "बरं, तुझं कॉलेज कुठलं?" हा विषय बदलणारा. तिसरा प्रश्न तुमच्याच बोलण्यातला धागा पकडून पुढे जातो. तुम्ही म्हणालात, ऑफिसात आज वाद झाला. समोरून आलं, "त्याच साहेबांशी का, ज्यांनी रजा नाकारली होती?" हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली ऑनलाइन गप्पा आणि स्पीड डेटिंगमधले प्रश्न असेच वर्गवार तपासले होते. धागा पकडून विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तो नीट वाचा. विचारणारा माणूस समोरच्याला आवडतो, असं तो सांगतो. विचारणाऱ्याला समोरचा आवडलाय, असं तो सांगत नाही. पोस्टवाल्यांनी हीच गोष्ट उलटी फिरवली आहे. चांगला श्रोता शेजाऱ्यालाही धागा पकडून विचारतो. ही मुलगी तर दिवसभर पगारासाठी प्रश्न विचारते. "आणखी काही मदत करू शकते का?" हे वाक्य आठ तास म्हणून आलेली मुलगी रात्री प्रश्न विचारायला कंटाळली, तर नवल नाही. काही घरांत, ओळख पक्की होईपर्यंत मुलीने फार चौकशा करू नयेत, असंही शिकवलेलं असतं. मला ते पटत नाही, पण असतं.

तरीही भाच्याच्या चॅटमधल्या एका मेसेजवर मी बोट ठेवलं. सोमवारी त्याने ओघात लिहिलं होतं, बाबांची अँजिओग्राफी शुक्रवारी आहे. शुक्रवारी ४:०३ ला तिचा मेसेज: "बाबांचं झालं का? रिपोर्ट काय म्हणतोय?" त्या दिवशी याने काहीच लिहिलं नव्हतं. चार दिवस लक्षात ठेवून, पंधरा मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत तिने आपणहून विचारलं. असा एक प्रश्न मला वीस "आणि तू?" पेक्षा मोलाचा वाटतो. मात्र त्यावरूनही मी त्याला 'होकार' म्हणू दिलं नाही. यातून आस्था दिसते. ती आस्था लग्नापर्यंत जाईल का, हे यातून दिसत नाही.

उलटं उदाहरणही आमच्याच टेबलावरचं. एका मुलीला एक स्थळ मिनिटाभरात उत्तर द्यायचं, आणि तेही परिच्छेदच्या परिच्छेद. ती हरखली होती. सगळं वाचून पाहिलं तर तिच्या एकाही वाक्याला त्याचं उत्तर जोडलेलं नव्हतं. तिने आजी गेल्याचं लिहिलं त्या दिवशीही खाली त्याच्या ट्रेकचंच वर्णन होतं. वेग आणि लांबीत तो पहिला आला असता.

मन खरंच निघत असेल तर ते कसं दिसतं? एका उशिरातून नाही. माणसाच्या मोकळ्या वेळेतच, आठ-दहा दिवस सलग, वेळ आणि लांबी दोन्ही त्याच्या आधीच्या सवयीपेक्षा खाली जातात आणि धागा पकडणारे प्रश्न बंद होतात. तेव्हाही आधी घरात आजारपण, परीक्षा, शिफ्ट बदल असं काही नाही ना, हे साधेपणाने विचारावं. "रिप्लाय का नाही?" असं विचारलं की ती चौकशी राहत नाही, हजेरी होते. पाठोपाठ प्रश्नचिन्हंही पाठवू नयेत.

मी भाच्याला चॅटच्या बाहेरचं पाऊल टाकायला सांगितलं, म्हणजे भेटीचं विचारायला. त्याने ४:४० ला लिहिलं, रविवारी संध्याकाळी भेटूया का. उत्तर ७:०४ ला आलं: "रविवारी ड्युटी आहे रे. मंगळवारी सुट्टी असते, तलावपाळीला सहा वाजता चालेल?" नकाराबरोबर दुसरा दिवस, जागा आणि वेळ तिच्याकडूनच आली. नुसतं "रविवारी नाही जमणार" एवढंच आलं असतं, तर मी त्याला आणखी एकदाच, दुसरा दिवस सुचवून विचारायला लावलं असतं. त्यावरही तिच्याकडून कुठलाच दिवस आला नसता, तर मग खरंच थांब म्हटलं असतं.